फरशी क्रमांक सतरा

सातवीत असताना, १९९३ च्या पावसाळ्यात, मैदानावर चिखल झाला म्हणून विज्ञानाच्या सरांनी पी.टी.च्या तासाला कागदी विमानांची स्पर्धा जाहीर केली. विमानं आम्ही तशीही करायचोच, बहुधा इतिहासाच्या तासाला. पण इथे अट होती. विमानाबरोबर वही द्यायची. प्रत्येक विमान तीनदा उडवायचं, तिन्ही अंतरं लिहायची आणि खोडरबर वापरायचा नाही.

जागा होती तळमजल्याचा लांब व्हरांडा. तिथे दोन-दोन फुटांच्या शहाबादी फरशा होत्या, त्यामुळे टेपची गरज नव्हती. विमान जिथे पहिल्यांदा टेकेल ती फरशी मोजायची. घसरत पुढे गेलं तर ते धरायचं नाही, यावर पहिल्याच दिवशी भांडण झालं.

मी आणि माझा बाकावरचा जोडीदार, आम्ही वहीचं मधलं जोडपान काढून नेहमीचं टोकदार विमान केलं. पहिले तीन आकडे ९, १३, ८. तिन्ही वेळा एकच प्रकार. विमान हातातून सुटलं की नाक वर करायचं, क्षणभर हवेत थबकायचं आणि शेपटीवर बसल्यासारखं खाली यायचं. आमचं मत पडलं की विमान हलकं आहे. म्हणून नाकाला एक यू-पिन लावली. आता १७, १६, १८. दोन पिना लावल्या तर १२, १२, ११, आणि विमान नाकावर आपटून टोक चेपलेलं.

मी वहीत ऐटीत लिहिलं, ‘वजन वाढवल्यास अंतर वाढते, फार वाढवल्यास कमी होते.’ सरांनी वाचलं आणि विचारलं, “वजनामुळेच कशावरून? तीच पिन दुसरीकडे लावून बघितलीस का रे?”

नव्हती बघितली. आधी प्रयोगशाळेतल्या तराजूवर वीस पिना एकत्र तोलल्या, कारण एक पिन त्यावर कळतच नव्हती. वीस पिना ८ ग्रॅम, म्हणजे एक ०.४ ग्रॅम. तशीच दहा जोडपानं तोलली, एक ४ ग्रॅमचं निघालं. म्हणजे विमानाच्या एक दशांश वजनाची पिन अंतर दीडपटीहून जास्त करत होती. मग तीच पिन विमानाच्या पोटाशी, जिथे ते बोटावर तोललं जात होतं नेमकी तिथे लावली. वजन तेवढंच. आकडे आले १०, १२, ९. आणि तेच नाक वर करणं, तेच थबकणं.

मग सरांनी फळ्यावर चित्र काढलं. पंखांवर हवेचा जो उचल-जोर येतो, तो एका ठिकाणी एकवटला आहे असं समजा. विमानाचा तोल त्याच्या थोडा पुढे असेल तर नाक वर जायला लागताच ते परत खाली ओढलं जातं. तोल मागे असेल तर नाक वर जातच राहतं, पंख फार तिरपा होतो, वरची हवा पंखाला धरून वाहत नाही आणि उचल संपते. तोल फारच पुढे गेला की विमान सरळ जमिनीत. नंतर आम्ही पेन्सिलीने तोलाच्या जागेवर रेघ मारायला लागलो. पिन लावली की रेघ नाकाकडे सरकलेली दिसायची.

एक पिन ठेवून पंखांच्या मागच्या कडा नखाने जराशा वर वळवल्या आणि पुन्हा तीनदा उडवलं. १८, १९, आणि एकदा चक्क २६! मी नाचलो. जोडीदार म्हणाला, “अरे, दाराकडून वारा आला होता.” आला होता खरा, गेटजवळची झाडं हलत होती. आकडा खोडता येत नव्हता. मी पुढे बारीक अक्षरात ‘वारा’ लिहिलं. सरासरी काढली तर २१ येत होती, पण सरांनी आधीच सांगितलं होतं की तीन आकडे चढते मांडायचे आणि मधला घ्यायचा. आमचा १९ धरला गेला.

सगळ्यांची विमानं शेवटी एकाच मुलाने फेकली, कारण काहींचे हात गोफणीसारखे होते. हे तेव्हा अन्यायाचं वाटलं. पुढे २०१२ च्या ६९.१४ मीटरच्या विश्वविक्रमाबद्दल वाचलं, तेव्हा कळलं की विमान जॉन कॉलिन्सचं होतं आणि फेकणारा होता ज्यो अयूब हा अमेरिकन फुटबॉल खेळलेला खेळाडू. सरांना विमान तपासायचं होतं, दंड नव्हे.

पहिला नंबर एका मुलीचा आला. रुंद पंखांचं, संथ विमान, मधला आकडा २२. तिने पंखांची टोकं किंचित वर उचलली होती, म्हणून एका बाजूला कललं तरी ते आपोआप सरळ व्हायचं. आम्ही फक्त लांबी बघत होतो, आणि आमचं विमान निम्म्या वेळा भिंतीला घासत होतं.

गेल्या महिन्यात शाळेत आलो तर व्हरांड्यात गुळगुळीत टाइल्स बसल्यात. आमचे सगळे आकडे फरशीत. घरी येऊन वही काढली. पहिल्या पानावर, सरांनी लिहायला लावलेली ओळ होती: १ फरशी = २ फूट.