आजचा सिंहगड
मी मनातले सांगितल्यापासून जो मित्र माझ्या वैयक्तिक निरोपांना उत्तर देत नाही, तो आज आमच्या गटाबरोबर सिंहगडावर आला होता. मी इतरांशी बोलले तशीच त्याच्याशी बोलले, पिठलं-भाकरी खाताना मुद्दाम शेजारी किंवा मुद्दाम लांब न बसता मोकळी जागा होती तिथे बसले, आणि कोणत्याही मैत्रिणीला मध्ये घातले नाही, कारण तसे केले की त्याला गटातही अवघडल्यासारखे होते. चारचौघांत तो माझ्याशी नीट बोलला. उतरताना आम्ही दोघेच मागे राहिलो, तेव्हा मात्र झपझप पुढे निघून गेला. त्याला मी नकोशी झालेली नाही, तो विषय पुन्हा निघायला नको आहे, असे मला वाटते. म्हणून वेगळे निरोप मी थांबवले आहेत. गटावर मात्र नेहमीसारखी लिहीत राहीन.