पेंडिंग भागिले रोजची बिलं: ऑर्डर डेस्कवरचा माझा अनुभव

पंपांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत मी ऑर्डर डेस्क सांभाळतो. ग्राहकाचा पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, ईमेलवर येतो, त्याची एंट्री होते, रेट आणि क्रेडिट लिमिट तपासतात, माल राखून ठेवतात आणि बिल बनतं. यात किती दिवस जातात, याची आमच्याकडे दोन उत्तरं होती. सिस्टिमचा रिपोर्ट सहा दिवस दाखवायचा, ग्राहक मात्र नऊ-दहा दिवस म्हणायचे.

हा गुंता सोडवायला लिटलचा नियम पुरला. जॉन लिटल यांनी तो 1961 मध्ये सिद्ध केला. हातात असलेलं काम म्हणजे रोज बाहेर पडणारं काम गुणिले प्रत्येक कामाला लागणारे दिवस. आम्हाला तो उलटा करून हवा होता: पेंडिंग ऑर्डरींना रोजच्या बिलांनी भागलं की सरासरी दिवस मिळतात. ऑर्डरी कोणत्या क्रमाने उचलल्या किंवा एखादीला कमी-जास्त वेळ लागला, तरी सरासरीपुरता नियम लागू राहतो.

सलग 24 कामाचे दिवस आम्ही संध्याकाळी सहाला पेंडिंग मोजलं. एक्सेलमध्ये बी रकान्यात पेंडिंग, सी रकान्यात त्या दिवशी बिल झालेल्या ऑर्डरी:

```
=AVERAGE(B2:B25)/AVERAGE(C2:C25)
```

सरासरी पेंडिंग 240 आणि रोज 40 ऑर्डरींची बिलं, म्हणजे सहा दिवस. रिपोर्ट बरोबरच होता. पण सिस्टिम एंट्री झालेल्या ऑर्डरीच मोजते. मेलबॉक्समध्ये एंट्रीची वाट पाहणारे पीओ मोजले, तर तेही सरासरी 120 निघाले. एकूण 360 भागिले 40, म्हणजे नऊ दिवस. ग्राहकाचं घड्याळ पीओ पाठवल्यापासून चालू होतं, आमचं एंट्रीपासून. मोजायला सुरुवात कुठून आणि शेवट कुठे, हे आधी पक्कं केलं नाही तर भागाकार अचूक असूनही उत्तर चुकतं.

यानंतर आमचा पहिला उपाय फसला. दोन शनिवार जादा थांबून मेलबॉक्समधल्या 100 पीओंची एंट्री केली. मेलबॉक्स 20 वर आला, पण सिस्टिममधलं पेंडिंग 340 झालं. बिलं रोज 40 च होत राहिली, त्यामुळे ग्राहकाचे नऊ दिवस नऊच राहिले. ढीग फक्त एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला होता. आत येणारं काम पुढे ढकलून लीड टाइम घटत नाही, ढीग दाराबाहेर पडावा लागतो.

मग पहिल्या मोजणीतले 240 कुठे थांबले होते ते पाहिलं. रोजच्या 40 पैकी 10 ऑर्डरींचा रेट आमच्या रेट लिस्टशी जुळत नाही. त्या सेल्सकडे मंजुरीला जातात, आणि अशा 130 ऑर्डरी अडकल्या होत्या. 130 भागिले 10, म्हणजे तेरा दिवस. उरलेल्या 30 ऑर्डरींच्या वाटेवर 110 होत्या, म्हणजे पावणेचार दिवसांच्या आत. सहा दिवसांची सरासरी खरी, पण सहा दिवस कोणत्याच ग्राहकाच्या वाट्याला येत नव्हते. प्रत्येक टप्प्याला त्याची स्वतःची गती लावून भागाकार केला, तेव्हाच ही गाठ दिसली.

सेल्स रोज 10 मंजुऱ्या देत होतं आणि रोज 10 नव्या येत होत्या, म्हणून 130 चा ढीग वाढतही नव्हता आणि घटतही नव्हता. असा जुना ढीग एकदाच उपसावा लागतो. महिनाभर, म्हणजे 20 दिवस, सेल्सने रोज पाच जास्त निर्णय दिले आणि तेवढी जादा बिलंही काढली. 130 चे 30 झाले, मंजुरीचे तेरा दिवस तीनवर आले. पीओ ते बिल 260 भागिले 40, म्हणजे साडेसहा दिवस. शिवाय कोटेशनवर वैधतेची तारीख घालायला लागलो, कारण रेट न जुळण्याचं बहुतेक वेळा कारण जुनं कोटेशन असायचं.

उपसा चालू होता त्या महिन्यात हा भागाकार वापरू नये. येणारं आणि जाणारं काम साधारण सारखं असेल आणि मुदतीच्या सुरुवातीचं-शेवटचं पेंडिंग जवळपास तेवढंच असेल, तरच आकड्यावर भरवसा ठेवावा. 31 मार्चला आम्ही 72 बिलं काढतो. त्या एका दिवसावर 360 भागले तर पाच दिवस दिसतात, आणि तसा शब्द ग्राहकाला दिला तर तो मोडतोच. रद्द झालेल्या ऑर्डरी पेंडिंगमधून त्याच दिवशी काढाव्यात, नाहीतर भाज्य उगाच फुगतं. पेंडिंग ऑर्डरींत आणि बिलं आयटमच्या ओळींत मोजण्याची चूकही आमच्याकडे एकदा झाली होती.

पडताळ्यासाठी 50 ऑर्डरींची पीओची आणि बिलाची तारीख ताडून बघतो. त्या पीओच्या तारखेवरून निवडाव्यात, बिलाच्या नाही. नुसती बिलं झालेली उचलली तर अडकून पडलेल्या ऑर्डरी हिशेबात येतच नाहीत.