चमक एकच निवडा: विहिरीतल्या खड्यांच्या ओळखीचा अनुभव

फोटोवरून खनिज ओळखून देणाऱ्या एका संस्थेचा ऑनलाइन अर्ज मी भरला. त्यात रंग, चमक, स्फटिकाची ठेवण आणि कस असे चार रकाने आहेत, आणि चमकेच्या रकान्यात दिलेल्या यादीतून एकच पर्याय निवडता येतो. माझे काम जे अडकले ते याच रकान्यात. बाकीचा अर्ज चहा संपायच्या आत भरून झाला होता.

खडे सिन्नर तालुक्यातले, माझ्या मेहुण्यांच्या विहिरीचे. सुरुंगाने फुटलेल्या काळ्या कातळात एक पोकळी निघाली होती. तिच्या आतल्या बाजूला हिरवट पापुद्रा, त्यावर बोटाच्या पेराएवढे चौकोनी पारदर्शक ठोकळे आणि मधूनमधून मध्ये आवळलेल्या पेंढीसारखे फिकट गुलाबी-पिवळसर झुपके होते. खोदकामावरच्या माणसांनी सगळ्याला मिळून गारगोटी म्हटले. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये अशा पोकळ्या पुष्कळ असतात. लाव्हारस थिजताना अडकलेल्या वायूच्या जागा पुढे खनिजयुक्त पाण्यातून साचलेल्या स्फटिकांनी भरतात, त्यामुळे काय काय असू शकेल याची यादी मुळातच लहान असते: क्वॉर्ट्झ, कॅल्साइट, ॲपोफायलाइट आणि स्टिल्बाइटसारखी झिओलाइटे.

झुपक्यांबद्दल वाद झाला नाही. पेंढीसारखी ठेवण आणि तो रंग एकत्र आले की आपल्या भागात स्टिल्बाइट हेच नाव प्रथम सुचते. प्रश्न ठोकळ्यांचा होता. संस्थेचे पहिले उत्तर आले, “कॅल्साइट असावा. फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा.” फोटो अस्पष्ट मुळीच नव्हता; त्यात कडा मोजता येतील इतक्या स्वच्छ दिसत होत्या. जे दिसायला हवे होते, ते मात्र एका फोटोत दिसणेच शक्य नव्हते.

ॲपोफायलाइटच्या ठोकळ्याची वरची आणि खालची बाजू एका प्रकारे चमकते आणि उभ्या बाजू दुसऱ्या प्रकारे. हे खनिज वरच्या बाजूला समांतर अशा पातळ थरांत सहज फुटते. अशा बारीक भेगांमधून प्रकाश थराथराने परत येतो, त्यामुळे ती बाजू मोत्यासारखी, आतून दुधाळ उजळल्यासारखी दिसते. उभ्या बाजूंवर मात्र चमक काचेसारखी असते आणि नीट पाहिले तर खालून वर जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात. वरच्या बाजूचे कोपरे छाटल्यासारखे तिरके असतील तर ओळख आणखी पक्की होते. खराखुरा घन असता, तर त्याच्या सगळ्या बाजू सारख्याच चमकल्या असत्या. म्हणजे या खनिजाची सर्वांत मोठी खूण ‘दोन चमका’ हीच आहे, आणि अर्ज एकच निवडा म्हणतो. मी ‘काचेसारखी’ निवडले की उत्तर कॅल्साइट किंवा क्वॉर्ट्झकडे झुकायचे, ‘मोत्यासारखी’ निवडले की दोन्ही खडे स्टिल्बाइटच्या खात्यात जायचे. दूरध्वनी केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी अत्यंत शांतपणे सांगितले, “अहो, फोटोत जी जास्त दिसते ती टाका.” कोणती जास्त दिसते हे खडा कसा धरला आहे आणि उजेड कुठून येतो आहे यावर ठरते, हे त्यांना समजावण्यात माझी सकाळ गेली. शेवटी त्याच म्हणाल्या, “मग दोन फोटो जोडून एकाच चित्रात पाठवा, यादीत ‘इतर’ घ्या आणि शेऱ्यात लिहा.” ‘इतर’ हा पर्याय यादीच्या तळाशी आहे, आणि तो शोधायला सांगणारी एक ओळसुद्धा अर्जात नाही.

फोटोचे आता सांगतो. खिडकीतून एका बाजूने उजेड येत असेल अशा जागी खडा काळ्या कापडावर ठेवावा आणि कॅमेरा न हलवता खडा थोडा थोडा फिरवत फोटो घ्यावेत. काचेसारखी बाजू विशिष्ट कोनात एकदम लखलखते आणि जरा फिरवताच विझते. मोत्यासारखी बाजू मात्र बऱ्याच कोनांत मंद उजळलेलीच राहते. हा फरक फिरवण्यातच कळतो. फ्लॅश वापरला तर दोन्ही बाजू सारख्याच पांढऱ्या पडतात. खडा धुतला असेल तर पूर्ण वाळू द्यावा, कारण ओला दगड कोणताही असो, काचेसारखाच चमकतो. खडे विकणारे त्यांच्यावर पाणी मारतात त्याचे कारण हेच.

रंगाच्या रकान्यात मी आधी ‘फिकट हिरवा’ लिहिणार होतो, पण एक सुटा तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवल्यावर तो पूर्ण रंगहीन निघाला. हिरवेपणा होता तो मागच्या सेलॅडोनाइटच्या पापुद्र्याचा, पारदर्शक खड्यातून दिसणारा. ॲपोफायलाइट स्वतः हिरवाही सापडतो, म्हणून ही तपासणी केल्याशिवाय रंग लिहू नये.

कस म्हणजे झिलई नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर खनिज घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग. हा रकाना सक्तीचा आहे, आणि आमच्या बाबतीत निरुपयोगी. कॅल्साइट, ॲपोफायलाइट, स्टिल्बाइट या सगळ्यांची भुकटी पांढरीच पडते, आणि क्वॉर्ट्झ तर फरशीइतका किंवा तिच्याहून कठीण असल्याने फरशीच ओरखडते. गोव्यातल्या लोहखनिजासाठी हीच परीक्षा फार मोलाची, कारण तिथे काळा दिसणारा हेमॅटाइटसुद्धा तांबडी रेघ उमटवतो. मी ‘पांढरा’ लिहून मोकळा झालो. आमच्या खड्यांचे काम कठिनतेने केले, जिला अर्जात जागाच नाही. पोकळीतून आधीच तुटून पडलेल्या कपच्याने कॅल्साइटच्या तुकड्यावर सहज ओरखडा उठला, पण काचेवर उठला नाही. कॅल्साइटची कठिनता 3, ॲपोफायलाइटची साडेचार ते 5, काचेची साधारण साडेपाच आणि क्वॉर्ट्झची 7. म्हणजे दोन्ही टोकांचे दावेदार एकदमच बाद झाले. कपच्याच्या भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाकले तेव्हा बुडबुडेही आले नाहीत. कॅल्साइट असता तर ते हळूहळू आले असते. अखंड स्फटिकावर हे प्रयोग करू नयेत, त्याची किंमत एका ओरखड्याने जाते.

हे सगळे शेऱ्यात लिहून जोडचित्र पाठवले, त्यानंतर उत्तर आले: ‘ॲपोफायलाइट, सोबत स्टिल्बाइट.’ खरे सांगायचे तर नाव मला आधीच कळले होते, पण त्यांच्या कागदावर ते उमटल्याचे समाधान कॅल्साइटच्या त्या पहिल्या उत्तरामुळे दुप्पट झाले. यापुढचे नाव, म्हणजे फ्लोरिन जास्त असलेला प्रकार की हायड्रॉक्सिल जास्त असलेला, हे रासायनिक पृथक्करणाशिवाय ठरत नाही. स्टिल्बाइट आणि त्याच्याशी मिळताजुळता स्टेलेराइट यांचेही फोटोवरून निश्चित सांगता येत नाही. फोटोवरून कोणी इतके नेमके नाव दिले तर कशावरून, ते विचारावे.

एक राहिले. खडा ज्या दगडात सापडला तो दगड लिहायला अर्जात रकाना नाही. फोटोच्या एका कोपऱ्यात तो काळा कातळ चिकटलेला राहू द्यावा, घासून काढू नये, आणि शेऱ्यात ‘बेसाल्टमधील पोकळी’ असे गावाच्या नावासह लिहावे.