मुद्रणदोष

भाचीनं परवा दुपारी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लिहिलेलं परीक्षण वाचायला दिलं. कादंबरी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. चाळीस ओळींतल्या तीस ओळी कथानकात गेलेल्या. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा भरवतो, तालीम बांधून घेतो, दुष्काळ पडतो, वाडी उठते. मग ‘भाषा ओघवती आहे’. आणि शेवटी, ‘मात्र मुद्रणदोष खटकतात.’

मला हसू फुटलं. हे वाक्य माझंच की!

“किती सापडले गं?”

“एकही नाही. पण शेवटी काहीतरी वाईट लिहावं लागतं ना, मामा.”

लागतंच. माझ्या परीक्षणाच्या समासात सरांनी लाल शाईनं ‘दोषही दाखवा’ असं लिहिलं होतं, तेव्हा मीही मुद्रकालाच धरलं होतं. लेखक दुखावत नाही, आपण तटस्थ दिसतो, आणि मुद्रक काही भांडायला येत नाही.

“वाचताना थांबलीस कुठं?” मी विचारलं.

“शेकूच्या बायकोपाशी,” ती लगेच म्हणाली. शेकूकडे एकच बैल. पेरणी तर करायची. मग दुसऱ्या बैलाच्या जागी बायकोच जू खांद्यावर घेते. “तिथं मी पुस्तक पालथं घातलं आणि उगाच पाणी प्यायला उठले.”

“मग हे लेखात कुठाय?”

ती घुटमळली. “ते लिहिलं की तक्रारच होते. तिला काय वाटलं, ते कळतच नाही. मास्तर सांगतो तेवढंच.”

आता आली ना गाडी रुळावर! निवेदक मास्तर आहे, तो बाईच्या मनात शिरत नाही. हळहळत बसत नाही म्हणून तर तो प्रसंग अंगावर येतो. आणि नेमकी त्यामुळेच ती बाई आपल्याला परकी राहते. कारभाऱ्याची अंजीसुद्धा तशीच, दुरून दिसणारी. पुस्तक १९५५ सालचं आहे, तेव्हा सांभाळून घ्यावं असं म्हणतात. मला ते पटत नाही. चांगल्या पुस्तकाला कसली सूट द्यायची? पण ‘गुण’ आणि ‘दोष’ असे दोन परिच्छेद पाडले, तर या एका प्रसंगाला कुठल्या परिच्छेदात बसवणार?

भाचीनं कथानकाच्या वीस ओळी तिथल्या तिथं उडवल्या. तालमीवरून मात्र आमचं जुंपलं. तिच्या मते सुटे सुटे प्रसंग त्या तालमीनंच बांधून ठेवलेत. मला ती बांधणी जरा ओढूनताणून केल्यासारखी वाटते. ती ऐकेना. तिचं तिनं लिहावं.

रात्री माझं ते जुनं परीक्षण आठवायला बसलो. लाल शाई आठवली, मुद्रणदोषांचं वाक्य अक्षरन् अक्षर आठवलं. कादंबरी कुठली होती, ते काही केल्या आठवेना.