तुम्ही विचारलंत म्हणून

माझ्या रंग-शब्दांच्या प्रयोगाबद्दल तुमचा प्रश्न होता, "एकच मुलगा शब्दांच्या दोन्ही याद्या करणार, मग आधी कुठली नि नंतर कुठली याचा एवढा बाऊ कशाला? आणि आकडे ढीगभर असताना टी-टेस्ट चोवीसच आकड्यांवर का?"

कारण एकदा मी हा बाऊ केला नव्हता.

रत्नागिरीत एम.ए.ला असताना स्ट्रूपचा प्रयोग देवनागरीत केला. 'लाल' हा शब्द लाल रंगात दिसला तर जुळता, निळ्यात दिसला तर विजोड. शब्द सोडून रंगाची कळ दाबायची. जुलै होता. कळांवर चिकटवलेले रंगीत कागद दमट हवेने सुटायचे, मुलं ते अंगठ्याने दाबून परत बसवायची. चोवीसही जणांनी आधी चाळीस जुळते शब्द केले, मग चाळीस विजोड. फरक आला ४८ मिलिसेकंद. फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे टी-टेस्ट सांगते; सगळे १९२० आकडे मी एका टी-टेस्टमध्ये ओतले आणि निकाल पाहून खूश झाले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी तक्त्यावर बोट ठेवलं. "माणसं किती?"

"चोवीस."

"मग डिग्रीज ऑफ फ्रीडम १९१८ कुठून आल्या?"

मी गप्प. डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणजे ढोबळमानाने हाती स्वतंत्र आकडे किती, आणि एका मुलीचे चाळीस आकडे म्हणजे चाळीस मुली नव्हेत, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्यांनी पुढे एवढंच विचारलं, "विजोड यादीपर्यंत मुलांचा हात बसला नव्हता का?" घरी येताना रिक्षात रडले. अजूनही वाटतं, वर्षभरात हे कोणीतरी सांगायला हवं होतं. पण पुस्तकात होतं, मीच ते पान उलटलं होतं.

पुढच्या वर्षी नवी चोवीस मुलं घेतली. बारा जणांना जुळती यादी आधी, बारा जणांना विजोड आधी. पहिल्या गटात फरक ४५, दुसऱ्यात १३५. सरासरी ९०. सराव दुसऱ्या यादीला साधारण ४५ मिलिसेकंदांनी वेगवान करत होता, म्हणून माझा जुना फरक निम्मा दिसला होता.

चाचणीचं म्हणाल, तर प्रतिक्रियाकाळाचा आलेख उजवीकडे लांबतो. ठरावीक वेळेच्या आत कळ दाबताच येत नाही, पण खिडकीकडे नजर गेली की तीन सेकंद सहज जातात. म्हणून बरोबर उत्तरांचा प्रत्येकाचा मध्यक घेतला, दोन्ही यादींचा वेगळा, आणि त्यांची वजाबाकी केली. आलेख काढायचा तो या चोवीस वजाबाक्यांचा, मूळ आकड्यांचा नव्हे. तो बऱ्यापैकी सममित होता, म्हणून जोडीची टी-टेस्ट, डिग्रीज ऑफ फ्रीडम २३. एखादं टोक फार लांब गेलं असतं तर आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांवर चालणारी विल्कॉक्सनची चिन्हांकित क्रम चाचणी लावली असती.

तरी एक सल आहे. विजोड यादी आधी केलेली मुलं जुळत्या यादीतही जपून, हळू कळ दाबत असतील, तर ती सवय क्रम उलटून वजा होत नाही. दोन गटांच्या या मांडणीत सराव कुठे संपतो नि सवय कुठे सुरू होते, हे वेगळं काढता येत नाही. मग दोन्ही प्रकारचे शब्द एकाच यादीत मिसळावेत का? तेव्हाची मी लगेच हो म्हणाले असते. पण मिसळले की मुलं प्रत्येक शब्दाला सावध असतात, आणि मी मोजते ती गोष्टच बदलते.