दोन वक्त्या, एक परिचय

आमच्या बडोद्याच्या मंडळात वक्त्यांचा परिचय करून द्यायचं काम बहुतेक माझ्याच गळ्यात पडतं. मागच्या वेळी जोडीनं बोलणाऱ्या दोघांचा बायोडेटा मी एकापाठोपाठ वाचून दाखवला. मधेच टाळ्या पडल्या, दुसऱ्यांच्या वाट्याला घाई आली, आणि ‘त्यांच्यासोबत आहेत’ या माझ्या शब्दांमुळे ते बिचारे मदतनीसच ठरले. ‘सोबत’ हा शब्द तेव्हापासून मी परिचयातून हद्दपार केला.

या वेळी विषय होता तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं. एक ताई जुन्या चित्रांचं जतन करणाऱ्या, दुसऱ्या मोडी वाचणाऱ्या. त्यातून दोघींचं आडनाव एकच, दोघीही डॉक्टरेट. नुसत्या पदव्या सांगितल्या असत्या तर कोण कोणती, कुणाला कळलं असतं?

मी दोघींना वेगवेगळा फोन केला आणि एकच विचारलं, ‘‘दुसऱ्या ताई आल्या नाहीत तर तुमचं काय अडेल?’’ पहिल्या म्हणाल्या, ‘‘भिंतीवरचा निळा रंग मूळचा की नंतर चढवलेला, हे मी थर बघून सांगेन. पण तो कुणी करवला, ते भिंत सांगत नाही.’’ दुसऱ्या म्हणाल्या, ‘‘हिशेबात नीळ घेतल्याची नोंद मिळेलही, पण ती याच भिंतीला लागली का, हे कागद सांगत नाही.’’ मला परिचय आयताच मिळाला!

सुरुवात मी रंगापासूनच केली:

‘‘भिंतीवर एक निळा रंग आहे. तो कधीचा, हे दोन ठिकाणी विचारावं लागतं. एक ताई सुईच्या टोकाएवढा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून रंगाचे थर मोजतात. दुसऱ्या ताई मोडीतले जमाखर्च वाचतात. आज दोघी एकाच रंगाबद्दल बोलणार आहेत, आणि जिथे त्यांचं जमत नाही तिथे आपल्यासमोरच भांडणार आहेत.’’

मग दोघींची नावं, पहिल्या नावासकट, एका दमात. मधे श्वास घेतला नाही. घेतला असता तर तिथेच टाळ्या आल्या असत्या. शिक्षण आणि नोकरी एकेका वाक्यात, ती वाक्यंही साधारण सारख्याच लांबीची. घरी घड्याळ लावून वाचलं तेव्हा सव्वा मिनिट भरलं होतं. मजकूर आदल्या दिवशी दोघींना ऐकवला, तर मोडीवाल्या ताईंनी ‘अभ्यासक’ काढून ‘वाचक’ घालायला लावलं.

घोटाळा झालाच. हात दाखवताना मी माझी डावी बाजू धरली, म्हणजे श्रोत्यांची उजवी, आणि क्षणभर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पुढच्या वेळी आधी खुर्च्या बघून नावांचा क्रम ठरवीन.

प्रश्नोत्तरांत दांडिया बाजारातले एक आजोबा उठले, ‘‘माझा प्रश्न कागदवाल्या ताईंना.’’ माईक बरोबर त्यांच्याचकडे गेला.