य कशाचा?

परवा दुपारी भाचीसाठी मुळाक्षरांचा तक्ता करायला बसले. विकतच्या तक्त्यात ई ला अजूनही ईडलिंबूच असतं आणि मी तर ते आजवर एकदाही हातात घेतलेलं नाही. म्हटलं आपणच करू, कार्डशीट नि स्केचपेन, तासाभराचं काम. मग ईर्षा, ईश्वर, ईशान्य, यातलं चित्र कसलं काढणार? शेवटी एक खडबडीत पिवळा गोळा काढला, खाली ईडलिंबू लिहिलं. ईद सुचली तेव्हा रंग वाळला होता.

खरी मेख वेगळीच आहे. शब्दाचं पहिलं अक्षर उघडं हवं, काना-मात्रा काही नको. क ला केळं चालत नाही, कमळच लागतं, नाहीतर पोरीला शिकवलेला क आणि तिला दिसणारा के जुळणार कसे. च ला चष्म्याचं चित्र काढून खूश झाले तर लक्षात आलं, चाकातला च राहिलाच, तो ऐकायला वेगळा, पण त्याला काना. जाऊ दे, म्हटलं बोलताना कळेल.

ण आणि ळ ने मराठीत शब्द सुरूच होत नाही, म्हणून बाण आणि बाळ. शाळेत आम्ही बाकावर ताल धरून ओरडायचो, ण बाणाचा, ळ बाळाचा, आणि बाई ङ-ञ पाशी आल्या की आवाज एकदम खाली, काहीतरी नाकातून गुणगुणायचं आणि पुढच्या ओळीवर उडी. २००९ साली सरकारने ॲ आणि ऑ सुद्धा वर्णमालेत घेतले, त्यांची मात्र चैन, ॲम्ब्युलन्स काढली, ऑटो काढली, झालं.

संध्याकाळी भाचीला समोर उभं केलं. ध च्या धनुष्याला मी हौसेने बाण लावला होता, ती म्हणाली बाण. थ चा थवा? चिमण्या. ठ चा ठसा? अंगठा. म्हणजे चित्राला एकच नाव हवं, नाहीतर सगळं मुसळ केरात, हे मला चाळीस चौकोन भरल्यावर कळलं.

आणि य. यज्ञ काढला होता, विटा, लाकडं, ज्वाळा, मेहनत घेऊन. ती म्हणे शेकोटी. यंत्राला अनुस्वार, यादीला काना. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, यम काढ की, रेडा दाखवला की झालं. मी रेडा काढूनही पाहिला, तो म्हशीसारखा झाला, म्हणजे म चा.

तक्ता भिंतीवर लागलाय, य वर पांढरा कागद चिकटवून. काही सुचलं तर सांगा, मात्र उघडा य च हवा.